सल्लेखना : मरणाची इच्छा हाही दोषच

सल्लेखना म्हणजे आहार क्रमाक्रमाने सोडत मरणाला सामोरे जाण्याचे जैन व्रत. तिच्याविषयी बोलताना आपण बहुधा उपवासापासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. जैन आचारग्रंथ मात्र उपवासाकडे बऱ्याच उशिरा येतात. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आधी प्रसंग ठरवून दिले आहेत. संकट, दुष्काळ, वार्धक्य किंवा रोग यांपैकी काहीतरी ओढवलेले असावे आणि त्यावर कोणताही इलाज उरलेला नसावा, अशी अट आहे. इलाज शिल्लक असेल तर सल्लेखनेचा प्रश्नच येत नाही.

स्वतः समंतभद्रांविषयी परंपरेत एक कथा सांगतात. कितीही खाल्ले तरी भूक न शमणारा भस्मक रोग त्यांना जडला आणि त्यांनी गुरूंकडे समाधिमरणाची, म्हणजे सल्लेखनेचीच, अनुमती मागितली. गुरूंनी ती नाकारली, कारण त्यांच्या हातून अजून मोठे कार्य व्हायचे होते. इतिहास म्हणून ही कथा किती टिकेल, हा वेगळा प्रश्न. पण व्रत मागणाऱ्याला नकार मिळू शकतो, हे परंपरेने आपल्या मोठ्या आचार्यांच्याच नावे सांगून ठेवावे, याला मी फार महत्त्व देतो.

अनुमती मिळाल्यावरही आधी सुटते ते अन्न नव्हे. साधकाने, म्हणजे क्षपकाने, स्नेह, वैर आणि परिग्रह सोडावा, आप्तस्वकीयांना व नोकरचाकरांनाही क्षमा करून त्यांची क्षमा मागावी, आणि आयुष्यभरात केलेल्या, करवलेल्या व अनुमोदन दिलेल्या पापांची आलोचना, म्हणजे निष्कपट कबुली, करावी, असा क्रम आहे. त्यानंतर आहार हळूहळू कमी करून दुधासारख्या स्निग्ध पेयांवर यायचे, मग तीही सोडून कांजी किंवा गरम पाणी घ्यायचे, आणि अगदी शेवटी शक्तीनुसार उपवास करून पंचनमस्कार मंत्रात मन ठेवायचे. या सगळ्यावर निर्यापक आचार्यांची, म्हणजे क्षपकाला व्रत पार पाडायला मदत करणाऱ्या आचार्यांची, देखरेख असते.

आता ज्या मुद्द्यावर वाद होतो त्याकडे येऊ. ‘तत्त्वार्थसूत्र’ या जैन सूत्रग्रंथात सल्लेखनेचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, दिले आहेत: आणखी जगण्याची इच्छा, लवकर मरण्याची इच्छा, मित्रांविषयीची आसक्ती, भोगलेल्या सुखांची आठवण आणि पुढच्या जन्मी भोग मिळावेत ही अपेक्षा. दुखणे सोसवत नाही म्हणून लवकर सुटका व्हावी, असे क्षपकाच्या मनात आले तर व्रताला तिथेच डाग लागतो. सल्लेखना ही आत्महत्याच आहे, या आरोपाला आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’ या त्याच सूत्रावरील टीकेत दिलेले उत्तर याच धाग्याचे आहे. ते म्हणतात, घरात मौल्यवान माल साठवलेल्या व्यापाऱ्याला घराचा नाश नकोच असतो. संकट आले तर तो आधी ते निवारू पाहतो आणि ते जमलेच नाही तर निदान माल वाचवतो. देह हे ते घर आणि व्रते, शील हा तो माल. राग, द्वेष, मोह यांच्या भरात विष किंवा शस्त्राने देह संपवणे ते वेगळे धरतात.

आपल्याकडचे सर्वज्ञात उदाहरण आचार्य शांतिसागरांचे. भोज गावच्या या दिगंबर मुनींनी 1955 साली कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली. दृष्टी मंदावत चालली होती. वाट पाहून चालायचे, आहार पाहून घ्यायचा, पायाखाली जीव येऊ द्यायचा नाही, हे मुनीचे रोजचे नियम डोळ्यांशिवाय पाळणे अशक्य. देह अजून काही वर्षे चालला असता कदाचित, पण मुनिव्रत चालले नसते. ऑगस्टच्या मध्यावर त्यांनी आहार सोडला, काही दिवस मधूनमधून पाणी घेतले, पुढे तेही थांबवले. त्याच काळात त्यांनी आचार्यपद दूर जयपूरला असलेले शिष्य वीरसागर यांच्याकडे सोपवले. 18 सप्टेंबरला त्यांचा देहांत झाला. पदाचे ओझे उतरवणे हा त्या व्रताचाच भाग होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

10 ऑगस्ट 2015 रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा, म्हणजे श्वेतांबरांत रूढ असलेले हेच व्रत, आत्महत्येच्या कलमाखाली आणले. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्याच्या 31 तारखेला त्या निर्णयाला स्थगिती दिली. श्रद्धावंतांना तो निर्णय अन्यायाचा वाटला, हे स्वाभाविक आहे. तरीही संथाऱ्याविरुद्धच्या याचिकेमागची एक शंका मला झटकून टाकता येत नाही. मुनिसंघात क्षपकाला पारखणारे आचार्य असतात. पण घरी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेच्या बाबतीत ती पारख कोण करतो? व्रताची बातमी पसरली, दर्शनाला रांगा लागल्या, घराण्याचे नाव झाले, की मागे फिरणे तिला कितपत शक्य राहते?

शास्त्राने इथे एक वाट ठेवली आहे, तिचा उच्चार मात्र फारसा होत नाही. यम सल्लेखना मरणापर्यंतची असते, तर नियम सल्लेखना मुदतीची: ठरलेल्या काळात संकट टळले तर क्षपक पुन्हा आहार घेतो आणि व्रत मोडले असे कोणी म्हणत नाही. ज्या घरात जाणते आचार्य जवळ नाहीत, तिथे आधी मुदतीचेच व्रत द्यावे आणि मुदत संपताच, गर्दी बाहेर ठेवून, त्या व्यक्तीला एकटीला तिची इच्छा पुन्हा विचारावी, असे माझे मत आहे.