भाकर दिली नाही, एवढ्यावर केस होते का?

(दृश्य : गावाचा पार, भोवती गर्दी, मधे बाजेवर आडवी पडलेली म्हातारी)

हा चोपडा तालुक्यातल्या एका गावाचा पार. बाजेवर पडलेल्या आजी ठणठणीत आहेत बरं का, त्या फक्त आजारी माणसाचं सोंग करतायत, आणि मधेच हसू आलं की तोंडावर पदर घेतात. कायद्याच्या शिबिरात एरवी माइकवरून भाषण होतं नि लोक जांभया देतात, पण या वकीलताईंनी माणसंच उभी केली. हा मुलगा, कामाला सुरतेत. ही सून. ही सांभाळायला ठेवलेली बाई. आणि हा शेजारी, भिंतीला भिंत लागून. आता समजा, आजीला अंथरुणातून उठता येत नाही, बरेच दिवस कुणी भाकर-पाणी दिलं नाही आणि ती गेली. पोलीस कुणाला नेणार?

(दृश्य : गर्दीतून हात वर, एकच गलका)

निम्मं गाव शेजाऱ्याकडे बोट दाखवतंय, याला रोज दिसत होतं म्हणून. शेजारी चिडून म्हणतो, "आम्हना काय संबंध?" आणि वकीलताई त्यालाच पहिल्यांदा खाली बसवतात, कारण कायद्याने त्याच्यावर आजीला जेवू घालायची जबाबदारीच नव्हती. माणुसकीला धरून नाही, पण गुन्हाही नाही.

ही रेघ फार जुनी आहे. १८३७ साली मेकॉलेच्या आयोगाने भारतीय दंड संहितेचा मसुदा केला, त्यात नेमका हाच प्रश्न घेतलाय, अन्न न दिल्याने माणूस मेला तर तो खून का? त्यांचं उत्तर असं की अन्न न देणारा तुरुंगाधिकारी असेल आणि मेलेला त्याचा कैदी, तर खून. आईबाप आणि तान्हं मूल, तरी खून. अंथरुणाला खिळलेला रोगी आणि त्याला भरवायला पगारावर ठेवलेली नर्स, तरीही खून. पण दारात आलेला भिकारी असेल, ज्याचा तुमच्यावर माणुसकीपलीकडे काही हक्क नाही, तर नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली तरी मूळ नियम तोच, जे करायला तुम्ही कायद्याने बांधलेले होता ते केलं नाही, तर ते न करणं हीसुद्धा कृतीच धरतात.

(दृश्य : पगारी बाई पुढे येते)

या बाईला ताई एकच विचारतात, ठरलं काय होतं? नुसती धुणीभांडी, की आजीला भरवायचंही? भरवायचं ठरलं असेल तर ती बांधली गेली, मग कागद असो वा नसो, आणि पगार थकला म्हणून ती यायची बंद झाली तर मुलाला तसं कळवलं का, हे कोर्टात विचारलं जाणार.

मुलगा तर बांधलेलाच, आईबापाच्या पालनपोषणाची जबाबदारी कायद्यानेच त्याच्यावर टाकलीय. तो म्हणतो मी सुरतेला होतो, पैसे पाठवत होतो. मग फोन कधी केला, बाईने काही सांगितलं होतं का, बँकेतून पैसे गेले का, तपास इथेच फिरतो, कारण माहीत असून आणि हातात असून केलं नाही, हे सिद्ध व्हावं लागतं. शिवाय ती भुकेनेच गेली हेही, म्हणून पोस्टमॉर्टेममधे झिजलेलं शरीर, अंगावरची चरबी, पाठीवरच्या जखमा बघतात. म्हाताऱ्या माणसाला दुसराही आजार असतोच, आणि बऱ्याच केसेस तिथेच ढिल्या पडतात.

सून मात्र अवघड. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या 'मुलं' या शब्दात मुलगा, मुलगी, नातवंडं आहेत, सून नाही. पण बाहेरून कुलूप तिने लावलं असेल तर? मग ते नुसतं न करणं राहत नाही, कोंडून ठेवणं झालं.

(दृश्य : वकीलताईंच्या हातात जुन्या निकालाची झेरॉक्स)

हा सुप्रीम कोर्टाचा १९६१ चा निकाल, लुधियानाच्या एका नवऱ्याचा. बायकोला घराबाहेर पडू द्यायचा नाही, दिवसेंदिवस उपाशी ठेवायचा, पाच-सहा दिवसांनी हरभऱ्याचा कोंडा पाण्यात कालवून द्यायचा. जून १९५६ मधे खोली उघडी राहिली आणि ती थेट सिव्हिल हॉस्पिटलला पोचली. नवरा न्यायला आला तर डॉक्टरबाईंनी सोडलं नाही. बायको जगली, तरी खुनाचा प्रयत्न म्हणून शिक्षा कायम झाली, कारण अशा कोंडलेल्या बायकोला जेवण देणं त्याला बंधनकारक होतं.

(दृश्य : आजी बाजेवरून उठून चहा घेतायत)

शिक्षेचं थोडक्यात, म्हाताऱ्या आईबापाला नुसतं टाकून दिलं तर २००७ च्या कायद्याने तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जीव गेला तर न्याय संहितेची कलमं. आणि जिवंतपणीच पोटगी हवी असेल तर अर्ज प्रांतांकडे, त्याला वकील केलाच पाहिजे असं नाही, हे वकीलताईंनी स्वतःच सांगितलं.