गौर घरभर फिरेल तेव्हा

(गणेश चतुर्थीच्या आधी कोल्हापुरातल्या एका अपार्टमेंटमध्ये, नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबासाठी रहिवाशांनी ठेवलेल्या स्नेहमेळाव्यातलं भाषण, थोडं संपादित करून.)

दादा, वहिनी, काकू, तुमचं मनापासून अभिनंदन. इथल्या पुष्कळांना ठाऊक आहे, तुम्ही नदीकाठच्या घरातून आलात. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 फुटांवर गेलं की धोका, हे आकडे तुमच्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. दर पावसाळ्यात धान्याचे डबे माळ्यावर चढवायचे, कागदपत्रं पिशवीत बांधून तयार ठेवायची. 2019 आणि 2021 ला तर घर सोडूनच जावं लागलं. यंदा डबे फडताळातच राहिले, याचा आम्हा शेजाऱ्यांना फार आनंद आहे.

पण काकूंनी परवा मला एक प्रश्न विचारला, त्याबद्दल आज बोलतो. त्या म्हणाल्या, "जुन्या घरात गणपतीचा कोनाडा ठरलेला होता. इथं कुठं बसवायचा?"

काकू, जागा ठरवण्याआधी भिंत बघूया. नव्या बांधकामाच्या गिलाव्यात पाणी असतं आणि आपल्या पावसाळ्यात ते लवकर सुकत नाही. वरून रंग कोरडा दिसतो, आत ओल राहते. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीला चारी बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतल्या बाजूला दव धरलं असेल तर ती भिंत अजून ओली आहे. तुमची मूर्ती शाडूची. शाडू ओल ओढून घेतो, मग रंग उमलतो, पाटाला टेकलेली कड मऊ पडते. म्हणून पाट भिंतीपासून वीतभर पुढं घ्या आणि मखराच्या मागून वारा जाऊ द्या. भिंतीला खिळे ठोकायची घाई करू नका, नव्या घरात वायर कुठून गेली आहे हे अजून तुम्हाला माहीत नाही. कुंभार गल्लीत मूर्ती सांगितली असेल तर मखराची उंची आजच मोजून कळवा.

गणपती बसला की मागोमाग गौर येते, आणि माझ्या मते नव्या घराचा खरा सोहळा तोच. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. आपल्याकडं तेरड्याच्या डहाळ्यांची गौर पाणवठ्यावरून आणतात. तेरड्याची मुळं तोडायची नाहीत, ती गौरीची पावलं. दारात आली की दूध-पाण्यानं पाय धुवायचे, भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि मग आत घ्यायची. उंबऱ्यापासून पाटापर्यंत पावलं काढायची. एक सांगून ठेवतो, वहिनी: या पांढऱ्या फरशीवर ओलं कुंकू टाकू नका, सांध्यात उतरलं की निघत नाही. तांदळाच्या पिठाची पावलं काढा आणि वर कोरडं हळदीकुंकू चिमटीनं सोडा.

मग गौर घरभर फिरवतात. घरातली बाई विचारते, "गौर कशाच्या पावलांनी आली?" बाकीच्या म्हणतात, "सोन्या-रुप्याच्या पावलांनी आली." स्वयंपाकघर दाखवायचं, धान्याची जागा दाखवायची, मुलांची अभ्यासाची खोली, कपाट, सगळं. प्रत्येक ठिकाणी इथं काय आहे असं विचारायचं आणि भरपूर आहे असं उत्तर द्यायचं. जुन्या घरात हे पाच मिनिटांत उरकायचं, कारण प्रत्येक कोपरा सगळ्यांना माहीत होता. इथं घाई करू नका. मुलीला तिची खोली तिच्या तोंडून दाखवू द्या. काकूंना धान्याची जागा दाखवू द्या. दोन पावसाळे पुराचं पाणी ज्या डब्यांत शिरलं होतं, तेच घासून पुसून फडताळात लावलेत. तिथं उभं राहून "भरपूर आहे" म्हणणं, काकू, तुमच्याच तोंडी शोभेल.

म्हणून शेजाऱ्यांना माझी विनंती. भेटवस्तू म्हणून भिंतीवरचं घड्याळ आणू नका, तीन-चार घड्याळं त्यांच्याकडं आलेलीच असतील. आवाहनाच्या संध्याकाळी या. उत्तर द्यायला बायका लागतात, आणि जुन्या गल्लीतल्या त्यांच्या मैत्रिणी इतक्या लांब त्या वेळेला येतीलच असं नाही. पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य असतो, तेव्हा एकेका घरानं थोड्या भाकऱ्या थापून आणल्या तर वहिनींना अजून न उघडलेल्या खोक्यांत परात शोधत बसावं लागणार नाही. दुसऱ्या दिवशीची पुरणपोळी त्यांची त्या करतील, त्यात कुणी हात घालू नये असं त्यांनी बजावलं आहे.

रात्री झिम्मा-फुगडीला गच्ची मोकळी ठेवली आहे. पाऊस असला तर खालचं पार्किंग. गाड्या संध्याकाळी बाहेर काढून ठेवा.