शेपटीपासून सुरुवात: अंधुक छायाचित्रातील मुंगूस, उदमांजर आणि मार्टेन

(सोलापूर येथे निसर्गप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार. सोलापूरच्या आसपास, म्हणजे नान्नजच्या माळरानापासून भीमेकाठच्या उसापर्यंत, संध्याकाळी किंवा रात्री काढलेली लहान प्राण्यांची छायाचित्रे हल्ली पुष्कळ फिरतात. त्यांतील एखाद्या लांबट, आखूड पायांच्या, झुबकेदार शेपटीच्या प्राण्याखाली कोणी ‘मुंगूस’ लिहितो, कोणी ‘उदमांजर’ लिहितो, आणि अलीकडे ‘मार्टेन’ हे नावही दिसू लागले आहे. या तिन्ही कुळांतील प्राणी अर्ध्या उजेडात सारखे का भासतात आणि केवळ आकारावरून ते कसे वेगळे करावेत, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे.

प्रथम आपले प्राणी कोणते ते निश्चित करू. मुंगुसांमध्ये आपल्याकडे सर्वत्र दिसते ते राखी मुंगूस. दुसऱ्या कुळातील दोन प्राणी आपल्याला लागतील: झाडांवर आणि जुन्या घरांच्या आढ्यांवर वावरणारे उदमांजर, आणि गवताळ, झुडपी जमिनीवर फिरणारे, अंगावर ठिपक्यांच्या रांगा असलेले जवादी मांजर. मार्टेन मात्र आपल्या जिल्ह्यात नाही. पिवळ्या गळ्याचा मार्टेन हिमालयात आणि ईशान्य भारतात आढळतो, निलगिरी मार्टेन पश्चिम घाटाच्या दक्षिण भागात, म्हणजे कोडगू, निलगिरी आणि केरळच्या डोंगरांत आढळतो. आपल्यापैकी अनेक जण कोडगूला किंवा उत्तराखंडला जाऊन छायाचित्रे आणतात आणि ती इथल्या छायाचित्रांत मिसळतात, म्हणून मार्टेन ओळखता येणे आवश्यक आहे. ठिकाण हा मोठा पुरावा आहे हे मला मान्य आहे, पण तो शेवटी वापरावा असे माझे ठाम मत आहे. आधी ठिकाण पाहिले की डोळ्यांना तेच दिसू लागते जे त्या ठिकाणी अपेक्षित असते.

संधिप्रकाशात रंग सर्वांत आधी फसवतो. रात्रीच्या स्वयंचलित कॅमेऱ्यात तर अवरक्त प्रकाश वापरलेला असतो, त्यामुळे चित्र कृष्णधवल येते, आणि त्यातील काळे-पांढरे आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या-पांढऱ्याशी जुळेलच असे नसते. काळी केसाळ कातडी अवरक्त प्रकाशात बरीच फिकी दिसू शकते. मलेशियातील काळ्या बिबट्यांच्या अंगावरचे ठिपके अशाच कॅमेऱ्यांमुळे स्पष्ट दिसले आणि त्यावरून एकेक बिबट्या वेगळा ओळखता आला. म्हणून ‘अंग काळपट आहे’ किंवा ‘गळा फिका आहे’ या निरीक्षणांवर मी रात्रीच्या चित्रात भार टाकत नाही. त्यापेक्षा अवयवांचे परस्परांशी असलेले प्रमाण अधिक टिकते, आणि त्यात सर्वांत सोपे प्रमाण शेपटीचे आहे.

राखी मुंगसाच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी साधारण 36 ते 45 सेंटिमीटर असते आणि शेपटी जवळजवळ तेवढीच असते. उदमांजर अंगाने मोठे असते, पण त्याचीही शेपटी शरीराच्या बरोबरीची किंवा किंचित कमी असते. याउलट जवादी मांजराची शेपटी शरीराच्या सुमारे दोन तृतीयांश असते, आणि पिवळ्या गळ्याच्या किंवा निलगिरी मार्टेनचीही साधारण त्याच प्रमाणात असते. म्हणजे शेपटीची लांबी कुळांप्रमाणे विभागणी करत नाही. ती लांब शेपटीच्या गटात मुंगूस आणि उदमांजर यांना एकत्र ठेवते, आणि मध्यम शेपटीच्या गटात जवादी मांजर आणि मार्टेन यांना. बहुतेक चुका इथेच होतात, कारण ‘शेपटी लांब म्हणून मुंगूस’ असे म्हणून पाहणारा थांबतो. शेपटीने गट ठरवायचा असतो. प्राणी ठरतो तो पुढे, थूथन, कान आणि धड पाहून.

आता माप कसे घ्यायचे ते एका छायाचित्रावर पाहू. पडद्यावर जे आहे ते द्राक्षबागेच्या कडेला, सूर्य मावळल्यानंतर मोबाइलवर काढलेले आहे, आणि पाठवणाऱ्याने त्याला मार्टेन म्हटले आहे. प्राणी आडवा चालला आहे आणि शेपटी धडाच्याच रेषेत मागे सरळ आहे. ही अट फार महत्त्वाची आहे. प्राणी कॅमेऱ्याकडे थोडा तिरका असला तरी धड आणि शेपटी एकाच रेषेत असतील तर दोन्ही सारख्याच प्रमाणात आखूड दिसतात आणि गुणोत्तर फारसे बिघडत नाही. शेपटी वेगळ्या दिशेला वळलेली असेल, किंवा कॅमेरा इतका जवळ असेल की डोके मोठे आणि शेपटी लहान दिसावी, तर मात्र मापण्यात अर्थ नाही.

या चित्रात पाठीच्या वळणाबरोबर मोजले असता नाक ते शेपटीचे मूळ 310 पिक्सेल भरते आणि शेपटी 285 पिक्सेल. गुणोत्तर 0.92 आले. पण शेपटीचे मूळ नेमके कुठे आहे? मुंगसाच्या पार्श्वभागावरचे लांब केस शेपटीच्या केसांत मिसळून जातात, त्यामुळे हा बिंदू सहज पुढे-मागे होतो. म्हणून मी तो दोन्ही बाजूंना 20 पिक्सेल सरकवून पुन्हा भागाकार करतो. मूळ पुढे घेतले तर 290 आणि 305, म्हणजे 1.05; मागे घेतले तर 330 आणि 265, म्हणजे 0.80. आपल्या हातून होऊ शकणारी चूक पूर्ण धरली तरी उत्तर दोन तृतीयांशाच्या बरेच वर राहते. हा लांब शेपटीचा गट आहे, आणि मार्टेन इथेच बाजूला पडतो.

आता मुंगूस की उदमांजर? या चित्रात शेपटी मुळाशी जाड आहे आणि टोकाकडे गाजरासारखी निमुळती होत गेली आहे. उदमांजराची शेपटी बऱ्याच अंतरापर्यंत सारख्याच जाडीची राहते. पुढे डोक्याची बाह्यरेषा पाहावी. मुंगसाचे कान लहान, रुंद आणि डोक्याच्या बाजूला खाली बसलेले असतात, त्यामुळे काळ्या छायाकृतीत ते डोक्याच्या वर उठून दिसत नाहीत, आणि मानेपासून कपाळावरून नाकापर्यंतची रेषा जवळजवळ अखंड उतरत जाऊन टोकदार थूथनात संपते. उदमांजराचे कान त्या रेषेतून स्पष्ट वर येतात आणि कपाळ व थूथन यांच्यामध्ये हलका उतार दिसतो. या प्राण्याचे कान दिसतच नाहीत, पार्श्वभाग खांद्यांपेक्षा उंच आहे आणि लांब केसांमुळे पाय अर्धे झाकले गेले आहेत. हे राखी मुंगूस आहे. ते दिवसा वावरणारे असल्यामुळे सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात ते दिसण्यात नवल नाही. हेच चित्र मध्यरात्रीचे असते तर मी कान पुन्हा एकदा तपासले असते.

दुसरे छायाचित्र ओढ्याकाठी लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्याने रात्री दोन वाजता टिपले आहे. इथे गळ्याचा फिका भाग पाहून मार्टेन सुचवले गेले होते. धड 360, शेपटी 235, गुणोत्तर 0.65. मूळ 20 पिक्सेल सरकवले की 0.57 ते 0.75 मिळते. म्हणजे मध्यम शेपटीचा गट. इथे एक दक्षता घ्यावी लागते, आणि ती मला फार मोलाची वाटते. अंधुक चित्रात बारीक गोष्टी आधी नाहीशा होतात. शेपटीचे निमुळते टोक गवतात किंवा अंधारात विरून जाते, त्यामुळे मुंगसाची शेपटी खरी आहे त्याहून आखूड भरू शकते. याच कारणाने टोकदार थूथन बोथट दिसू शकते. म्हणून अस्पष्ट चित्रात लांब शेपटी आणि टोकदार थूथन यांवर विश्वास ठेवावा, पण आखूड शेपटी आणि बोथट थूथन यांना दुसऱ्या खुणेचा आधार मागावा.

याला एक अपवाद आहे. शटर मंद असेल तर चालणारा प्राणी चित्रात ताणला जातो. सेकंदाला एक मीटर वेगाने चालणारे जनावर एक पंधरांश सेकंदात जवळजवळ 7 सेंटिमीटर पुढे सरकते, आणि 40 सेंटिमीटरच्या शेपटीच्या मापात एवढी भर दुर्लक्ष करण्याजोगी नाही. भोवतालचे गवत रेखीव आणि प्राण्याच्या कडा मात्र अर्धपारदर्शक दिसत असतील, तर हा ताण आहे असे समजावे. गवतही तितकेच पुसट असेल तर दोष कॅमेरा हलल्याचा किंवा फोकसचा असतो.

आपल्या चित्रात शेपटीचे टोक मोकळ्या वाळूवर स्पष्ट दिसते आहे, त्यामुळे ती खरोखरच मध्यम आहे. शिवाय तिच्यावर आडवे गडद पट्टे आहेत. मार्टेनच्या शेपटीवर असे पट्टे नसतात. पण समजा, पट्टे अवरक्त प्रकाशात पुसले गेले असते, तर? तेव्हा डोके आणि मान पाहावी लागली असती. मार्टेनची मान लांब असते, डोके मागे रुंद आणि पुढे आखूड थूथनाकडे त्रिकोणी होत जाते, आणि मोठे गोलसर कान एकमेकांपासून दूर, डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवादी मांजराचे कान डोक्याच्या माथ्यावर जवळजवळ असतात आणि थूथन अरुंद असते. या प्राण्याचे दोन्ही कान माथ्यावर शेजारी शेजारी उभे आहेत. पट्ट्यांशिवायही मी याला जवादी मांजरच म्हटले असते. गळ्याच्या फिकेपणाबद्दल सांगायचे तर जवादी मांजराचाही गळा फिका असतो आणि त्यावर गडद पट्टे असतात. कॅमेऱ्याच्या झोताने इथे तो आणखी उजळला आहे.

शेवटचे चित्र कठीण आहे. शेतातल्या बांधावर फ्लॅशने समोरून काढलेले: दोन चमकणारे डोळे, छातीचा पांढरा पडलेला भाग, शेपटी धडामागे लपलेली. शेपटी मोजता येत नाही, धडाची लांबी दिसत नाही, चेहऱ्यावरचा काळा मुखवटा असलाच तरी फ्लॅशने उजळून गेला आहे. उरतात ते कान. ते डोक्याच्या रेषेच्या वर स्पष्ट आले आहेत, म्हणून मुंगूस नाही. त्यांच्यातील अंतर पाहून उदमांजर की जवादी मांजर हे ठरवावेसे वाटते, पण डोके किंचित खाली झुकलेले आहे, आणि असे झुकलेले असताना ते अंतर नीट जोखता येत नाही. मार्टेनचेही कान वर दिसतातच, त्यामुळे त्याला वगळण्यासाठी इथे मला प्रथमच ठिकाणाचा आधार घ्यावा लागला: हे चित्र मोहोळ तालुक्यातील आहे. म्हणून त्याखाली मी ‘उदमांजर किंवा जवादी मांजर, मुंगूस नव्हे’ एवढेच लिहिले आहे, आणि ज्यांनी ते काढले त्यांना त्याच प्राण्याचे आडव्या बाजूने आलेले एखादे मागचे-पुढचे चित्र असल्यास, ते कितीही पुसट असले तरी, पाठवण्याची विनंती केली आहे.