चार मिलीलिटर गेले कुठे?

(दृश्य: वजनकाटा, झाकणाचं मोजपात्र)

50 ग्रॅम पाणी, 50 ग्रॅम निर्जल इथेनॉल. खोलीचं तापमान 25 अंश सेल्सिअस. पाणी भरतं 50.1 मिलीलिटर, इथेनॉल 63.7. बेरीज 113.8.

आता दोन्ही एकत्र ओतू आणि झाकण लावून हलवू. पात्र हाताला कोमट लागतंय. लगेच आकडा वाचायची घाई नको, गरम द्रव थोडा फुगलेला असतो. तो पुन्हा 25 अंशांवर आला, की रेघ दिसते 109.9च्या आसपास. जवळपास चार मिलीलिटर गायब! उडून गेलं म्हणावं, तर काटा अजूनही 100 ग्रॅमच दाखवतोय.

पाण्याचे रेणू एकमेकांचे हात धरून ऐसपैस बसलेले असतात. इथेनॉल मध्ये शिरलं, की ती मांडणी मोडते आणि सगळे दाटीवाटीनं बसतात.

(दृश्य: दोन मोठ्या टाक्या)

पाण्याच्या टाकीत एक मोल, म्हणजे 18 ग्रॅम पाणी ओतलं, तर पातळी 18 मिलीलिटरनं वाढेल. तेच पाणी इथेनॉलच्या टाकीत ओतलं, तर वाढ फक्त 14ची. हे 14 म्हणजे पाण्याचं तिथलं आंशिक मोलर आकारमान. ते पाण्यानं व्यापलेली जागा नव्हे, पाणी आल्यामुळे एकूण आकारमानात पडलेली भर आहे. टाकी मोठी का? एका मोलनं मिश्रणाचं प्रमाण बदलू नये म्हणून.

आपल्या पात्रात पाण्याचा हा आकडा 17.4 आणि इथेनॉलचा 56.4. पाणी 2.78 मोल, इथेनॉल 1.085 मोल. गुणा आणि बेरीज करा: 48.4 अधिक 61.2, म्हणजे 109.6. रेघेच्या अगदी जवळ.

आता हाच प्रश्न आकारमानाऐवजी गिब्ज ऊर्जेला विचारू, म्हणजे स्थिर तापमान आणि दाबाला आपोआप होणारा बदल जिला कमी करतो, त्या ऊर्जेला. तापमान आणि दाब तेच ठेवून एक मोल पाणी घातलं, तर ती किती बदलते? या उत्तराला रासायनिक विभव म्हणतात. खूण आहे ग्रीक अक्षर μ.

(दृश्य: पाण्यावर हळूच सोडलेला इथेनॉलचा थर)

इथेनॉल हलकं, म्हणून वर तरंगतंय. तरीही काही वेळानं पाणी वर चढू लागतं. शुद्ध पाण्यातला त्याचा μ जास्त आहे, वरच्या थरात कमी. पदार्थ जास्त μकडून कमी μकडे सरकतो. इथेनॉलही त्याच हिशेबानं खाली उतरतं.

झाकलेल्या पात्रात वरच्या वाफेचंही तसंच. वाफेत इथेनॉलचं प्रमाण द्रवापेक्षा जास्त असतं, पण सगळं स्थिरावलं की पाण्याचा μ वाफेत आणि द्रवात सारखाच, इथेनॉलचाही दोन्हीकडे सारखाच. पाण्याचा μ इथेनॉलच्या μइतका असतो असं मात्र नाही. इथे बरेच विद्यार्थी फसतात.