तक्त्याचा फोटो हरवला, तरी यंत्राची मूळ किंमत कशी काढायची?

नमस्कार पोट्टेहो. अकरावी कॉमर्सच्या बऱ्याच जणांची एकच तक्रार आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर घसाऱ्याचा सराव प्रश्न येतो, पण यंत्रांच्या किमतींचा तक्ता फोटो म्हणून वेगळा असतो. पुढे पाठवता पाठवता तो फोटो गळून जातो आणि खाली फक्त मजकूर उरतो. तालुक्याहून तीस-चाळीस किलोमीटरवर राहणारा पोरगा ते विचारायला लगेच सरांकडे जाणार कसा? म्हणून आधी पाहू, की उरलेल्या मजकुरातून काय काय निघतं.

हा प्रश्न बघा. एका दालमिलने 1 ऑक्टोबर 2020 ला यंत्र घेतलं. घसारा सरळ रेषा पद्धतीने, यंत्राचं आयुष्य 10 वर्षं, हिशेब दर 31 मार्चला बंद. पुस्तकी मूल्य 31 मार्च 2022 ला 1,90,000 रुपये आणि 31 मार्च 2024 ला 1,50,000 रुपये. 30 सप्टेंबर 2024 ला यंत्र 1,30,000 ला विकलं. नफा की तोटा? मूळ किंमत आणि मोडीची किंमत तक्त्यात होती, म्हणजे आपल्याकडे नाही.

सरळ रेषा पद्धतीत दरवर्षीचा घसारा सारखाच असतो. त्यामुळे दोन तारखांच्या पुस्तकी मूल्यांतला फरक म्हणजे मधल्या काळाचा घसारा. 1,90,000 वजा 1,50,000, म्हणजे 40,000. मधे वर्षं दोन. म्हणून वर्षाचा घसारा 20,000. तक्ता नसतानाही घसारा हाती आला.

आता मागे चालत जायचं. खरेदी ऑक्टोबर 2020 ची, म्हणजे मार्च 2022 पर्यंत दोन वर्षं होत नाहीत. पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते मार्च सहाच महिने, मग पुढचं पूर्ण वर्ष. एकूण अठरा महिने, घसारा 30,000. तो 1,90,000 मध्ये मिळवा, मूळ किंमत आली 2,20,000. इथे हमखास गडबड होते. दोन वर्षं धरली तर किंमत 2,30,000 येते आणि पुढे मोडीची किंमतही चुकते. म्हणून खरेदीचा महिना आधी बोटांवर मोजा.

मोडीची किंमत काढू. 20,000 गुणिले 10 वर्षं, एकूण घसारा 2,00,000. मूळ 2,20,000 मधून तो वजा केला, की 20,000 उरतात. तीच मोडीची किंमत. काही जण 10 वर्षं दिसली की सरळ मूळ किमतीच्या 10 टक्के घसारा लावतात. इथे तो 22,000 होतो, दोन वर्षांचा 44,000. पण पुस्तकी मूल्य तर 40,000 नेच उतरलंय. मोडीची किंमत विसरल्याची ही खूण आहे.

आता विक्री. मार्च 2024 नंतर सप्टेंबरपर्यंत सहा महिने, घसारा 10,000. पुस्तकी मूल्य 1,40,000. विक्री 1,30,000 ला, म्हणून तोटा 10,000. लक्षात घ्या, या उत्तराला मूळ किंमत लागलीच नाही! दोन पुस्तकी मूल्यं पुरली.

पण हे कुठे अडतं तेही सांगतो. पुस्तकी मूल्य एकच दिलं असेल आणि घसारा, दर किंवा मोडीची किंमत यांपैकी काहीच नसेल, तर मूळ किंमत निघत नाही. कितीही आकडे त्यात बसतील. मधल्या काळात दुसरं यंत्र घेतलं किंवा विकलं असेल, तर फरक नुसत्या घसाऱ्याचा राहत नाही. तेव्हा ती भर किंवा घट आधी बाजूला काढा. आणि 2,20,000 मध्ये खरेदी किती, भाडं किती, उभारणी खर्च किती, ही फोड मात्र परत मिळत नाही. रोजकीर्द नोंदीत ती विचारली असेल, तर सरांकडून तक्ता मागवण्यावाचून इलाज नाही.

अजून एक. प्रश्नात पद्धतीचं नावही तक्त्याबरोबर गेलं असेल, तर तीन सलग वर्षांची मूल्यं शोधा. 1,90,000, 1,70,000, 1,50,000 असा फरक सारखा असेल तर सरळ रेषा. 1,90,000, 1,71,000, 1,53,900 असा फरक कमी कमी होत गेला, तर ती घटत्या शिल्लकेची पद्धत आहे आणि वरची रीत तिथे चालणार नाही.

आता तुम्ही एक सोडवा. यंत्र 1 जुलै 2020 चं, सरळ रेषा, पुस्तकी मूल्य 31 मार्च 2022 ला 95,000 आणि 31 मार्च 2024 ला 75,000. मूळ किंमत किती, हे महिने मोजून खाली लिहा.