सोफ्यामागची भिंत: सहा फ्रेम आणि दोन इंचांची फट

नमस्कार मंडळी. मी आत्ता कोथरूडमधल्या एका फ्लॅटच्या हॉलमध्ये उभी आहे. मागे क्रीम रंगाची मोकळी भिंत, तिच्यासमोर सोफा, आणि जमिनीवर काकूंनी वर्षानुवर्षं जमवलेल्या सहा फ्रेम. एकीचं माप दुसरीशी जुळत नाही. काकूंचं म्हणणं, "अगं, एकसारख्या नाहीत, एकत्र कशा दिसतील?" दिसतात. कारण डोळा फ्रेमचं माप मोजत बसत नाही, तो दोन फ्रेमच्या मधली फट बघतो. फट सगळीकडे सारखी असेल तर मापं कितीही वेगळी चालतात. एक फट दीड इंच आणि शेजारची तीन इंच झाली, की सहा एकसारख्या फ्रेमसुद्धा जत्रेत टांगल्यासारख्या दिसतात.

आपण फट धरूया दोन इंच. मोठ्या भिंतीवर मोठ्या फ्रेम असतील तर तीनही चालेल. चारच्या पुढे गेलात की फ्रेम एकमेकींच्या राहत नाहीत, सुट्या पडतात.

आता हा सोफा. रुंदी ७५ इंच, पाठीची उंची जमिनीपासून ३३. वरच्या चित्रांचा सगळा गट सोफ्याच्या साधारण दोन-तृतीयांश रुंदीचा हवा, म्हणजे पन्नासच्या आसपास. सोफ्याच्या पाठीपासून सर्वांत खालच्या फ्रेमपर्यंत आठेक इंच सोडायचे. त्याहून कमी सोडलं तर टेकून बसणाऱ्याचं डोकं काचेला लागतं, फार जास्त सोडलं तर चित्रं सोफा सोडून छताकडे निघाल्यासारखी वाटतात. आपल्याकडे ही चूक फार. देवाचे फोटो उंच लावायची सवय आहे ना, तोच हात इथेही वर जातो.

[स्क्रीनवर सहा फ्रेमचं रेखाचित्र]

मांडणीसाठी मी भिंतीवर एक आडवी फट कल्पते. तिची खालची कड जमिनीपासून ५५ इंचांवर, वरची ५७ वर. वरच्या तीन फ्रेम या फटीवर बसवायच्या, खालच्या तीन तिच्याखाली लटकवायच्या. वरून आणि खालून कडा उंचसखल राहतात, राहू द्या. आतली ओळ सरळ आहे तोवर बाहेरचा उंचसखलपणा मुद्दाम केलेला वाटतो.

वर डावीकडून बारा, सोळा आणि सोळा इंच रुंदीच्या फ्रेम. मधल्या दोन फटी धरून झाले ४८. खाली वीस, दहा आणि चौदा, तेही ४८. ही मापं पट्टीसकट, बाहेरून घेतलेली आहेत. दुकानदार सांगतो ते माप बहुतेकदा आतल्या चित्राचं असतं, त्यामुळे टेप स्वतः लावा. सर्वांत उंच फ्रेम वर वीस इंचांची आणि खाली चौदाची आहे. म्हणजे गट ४१ इंचांवर सुरू होऊन ७७ वर संपतो आणि त्याचा मध्य येतो ५९ वर. उभ्या माणसाच्या डोळ्याला बरा.

आता इकडे बघा. खालच्या फ्रेम वीस, दहा, चौदा अशा लावल्या, तर वरची एक उभी फट डावीकडून तिसाव्या इंचाला येते आणि खालची बत्तिसाव्याला. जवळजवळ एका रेषेत, पण नाही. हे सगळ्यांत वाईट. बघणाऱ्याला वाटतं, लावणाऱ्याचा हात हलला. मग खालच्या शेवटच्या दोघींची अदलाबदल करायची: वीस, चौदा, दहा. आता फटी सहा-आठ इंचांनी सरकल्या, विटांच्या बांधकामात सांधे असतात तशा. उभ्या फटी जुळवायच्या तर अगदी जुळवा, नाहीतर स्पष्ट दूर ठेवा.

भोक पाडायच्या आधी हे कागदावर करा. जुन्या वर्तमानपत्रातून प्रत्येक फ्रेमच्या मापाचा कागद कापा, वर चित्राचं नाव लिहा आणि मास्किंग टेपने भिंतीला चिकटवा. दोन दिवस तसंच राहू द्या. येता-जाता नजर आपोआप खटकणारी जागा सांगते.

रंगांकडे येऊ. वर मध्यभागी मोठी फ्रेम आहे ती रविवर्म्याच्या जुन्या ओलिओग्राफच्या, म्हणजे तैलचित्रासारख्या छापील चित्राच्या, प्रतीची. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, म्हणजे पुण्याच्या शेजारचीच गोष्ट. या चित्रातल्या साडीचा लाल रंग सगळ्या भिंतीला दाबून टाकतो. गेरूवरचं वारली चित्र त्याला चिकटून लावलं तर दोघं मिळून एकच लाल डाग होतो. म्हणून वारली खाली उजव्या टोकाला, आणि पळसाच्या केशरी फुलांचं चित्र वर डावीकडे. लाल कुळातले तीन रंग त्रिकोणात पसरले की नजर भिंतभर फिरते. उरलेल्या जागी शांत मंडळी: वर उजवीकडे सिंहगडाचा काळापांढरा फोटो, खाली डावीकडे पुण्याचा पिवळट जुना नकाशा, मध्ये कोकणच्या समुद्राचं निळं जलरंग चित्र. हा निळा एकटा पडला असता, पण शेजारच्या नकाशात मुळा आणि मुठा फिक्या निळ्या छापल्या आहेत. तेवढं पुरतं.

फ्रेमच्या पट्ट्या दोनच रंगांत, सागवानी आणि काळी. माउंट, म्हणजे चित्र आणि पट्टी यांच्यामधला पुठ्ठा, मात्र सहाही एकाच ऑफव्हाइट रंगाचे करून घेतले. या क्रीम भिंतीवर पांढरेशुभ्र माउंट निळसर दिसतात, नमुना भिंतीला लावून बघा म्हणजे पटेल. आणि हो, निवड रात्रीही तपासा. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली गेरू मातकट होतो, पिवळसर दिव्याखाली तोच उजळतो. गडद चित्रं एकाच बाजूला साचलीत का, हे कळायला मोबाइलवर फोटो काढून काळापांढरा करा.

खिळ्याची जागा आता. फ्रेमची दोरी मध्यभागी बोटाने वर ताणा आणि फ्रेमच्या वरच्या कडेपासून बोटापर्यंत मोजा. मधल्या मोठ्या फ्रेमला हे अंतर दोन इंच भरलं. तिची वरची कड ७७ वर, म्हणून खिळा ७५ वर. प्रत्येक फ्रेमचं अंतर वेगळं असतं, एकीचं दुसरीला लावू नका. वीस इंची नकाशाला दोन कड्या आणि दोन खिळे लावले, म्हणजे केर काढताना धक्का लागून तो कलत नाही.

खिळा वाकला तर ठोकत बसू नका. नव्या टॉवरमधल्या बऱ्याच भिंती अख्ख्या काँक्रीटच्या असतात, तिथे हॅमर ड्रिल, प्लास्टिकची गिट्टी आणि स्क्रूच लागतो. उलट जिप्सम प्लास्टर असेल तर खिळा लोण्यासारखा जातो आणि तसाच निघून येतो. गिट्टी वरच्या थरात न राहता आत विटेपर्यंत पोचायला हवी. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल चालवू नका, तिथून वायर जाते.

शेवटी प्रत्येक फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना फेल्टच्या टिकल्या चिकटवा. फ्रेम सरकत नाही आणि मागून हवा खेळते. ही भिंत आतली आहे म्हणून निभावलं. बाहेरची, पावसाचा मारा खाणारी भिंत असेल तर ऑगस्टमध्ये एकदा फ्रेम उतरवून मागचा बोर्ड बघा. ओलसर वास किंवा तपकिरी ठिपके दिसले, तर ते चित्र त्या भिंतीवर परत लावायचं नाही. काकू, तो ड्रिल द्या आता.