पाच अंश, पण कुठे मोजायचे?

[दृश्य: साखरी नाटे, सकाळची जेटी. क्रेटमधल्या बांगड्यावर बर्फाचा चुरा पडतोय. मागे बोलीचा गलका.]

साखरी नाटे. राजापूर तालुक्यातलं, रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडचं मच्छीमारांचं बंदर. खाडीपलीकडे जैतापूर, आणि त्याच्याही पुढे माडबनचा सडा.

[दृश्य: ड्रोन. माडबनचा सडा, जांभ्या दगडाचे गडगे, खाली समुद्र.]

या सड्यावर जैतापूर प्रकल्प, म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या अणुवीज प्रकल्पांपैकी एक, उभा करायचं ठरलं. फ्रेंच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी 1,650 मेगावॉटच्या. एकूण 9,900 मेगावॉट वीज. माडबन, निवेली, करेल आणि मिठगवाणे परिसरातली मिळून 938 हेक्टर जमीन. पर्यावरणावर काय परिणाम होईल, याचा अहवाल नागपूरच्या नीरी या संस्थेने तयार केला. 16 मे 2010 रोजी माडबनला जनसुनावणी झाली आणि त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मंजुरी दिली. सोबत 35 अटी घातल्या.

[दृश्य: टेबलावर जाडजूड अहवाल, शेजारी चार पानं स्टेपल केलेला सारांश. हात पानं चाळतो.]

असा अहवाल शेकडो पानांचा असतो. गावकऱ्यांच्या हातात पडतो तो त्याचा सारांश. पर्यावरण मंजुरीबाबतच्या केंद्राच्या 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे तो जास्तीत जास्त दहा पानांचा असावा लागतो आणि स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. मूळ अहवालातली प्रकरणंही त्याच अधिसूचनेने ठरवून दिलेली आहेत. तिसऱ्यात आजची परिस्थिती येते. दहाव्यात व्यवस्थापनाचा आराखडा, म्हणजे कंपनी काय काय करणार ते. यांच्या मधलं चौथं प्रकरण आमच्या मते सगळ्यात बारकाईने वाचायचं. त्याचं नावच ‘अपेक्षित परिणाम आणि ते कमी करण्याचे उपाय’ असं आहे. परिणाम आणि उपाय एकाच प्रकरणात, बऱ्याचदा एकाच परिच्छेदात, कधीकधी एकाच वाक्यात.

‘योग्य उपाययोजना केल्यामुळे परिणाम नगण्य राहील.’ असलं वाक्य कुठल्याही अहवालात सापडतं. त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपाय हे आश्वासन आहे. ‘नगण्य’ हे भाकीत आहे, आणि ते आश्वासन पाळलं जाईल असं धरूनच केलेलं आहे. म्हणून वाचताना पेन्सिल घ्यावी आणि उपायाचे शब्द खोडून उरलेलं वाक्य वाचावं. उपाय केलाच नाही तर काय होईल, हे तिथे लिहिलंय का? नसेल, तर सुनावणीतला पहिला प्रश्न तिथेच मिळाला.

[दृश्य: होडीवरून समुद्र. दोरीला बांधलेला तापमापक पाण्यात सोडतात.]

जैतापूरपुरता हा प्रकार एकाच गोष्टीवर लावून बघू. गरम पाणी.

अणुभट्टीत तयार झालेल्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. या प्रकारच्या एका भट्टीची उष्णता 4,590 मेगावॉट, सहांची मिळून 27,540. त्यातून वीज मिळणार 9,900. उरलेली 17,600 मेगावॉटच्या आसपासची उष्णता कुठेतरी सोडावीच लागते. इथे ती समुद्रात जाणार. याला भाकीत म्हणता येणार नाही, हा यंत्राचा हिशोब आहे. कुठलीही उपाययोजना ती उष्णता नाहीशी करत नाही. ती कुठे आणि कशी पसरेल, एवढंच बदलता येतं.

त्यासाठी समुद्रातून रोज सुमारे 5,200 कोटी लिटर पाणी घ्यायचं, ते कंडेन्सरमधून, म्हणजे वाफ थंड करून तिचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रातून फिरवायचं आणि परत समुद्रात सोडायचं. सेकंदाला सहा लाख लिटर. परत येणारं पाणी मूळ पाण्यापेक्षा 5 अंश सेल्सिअसहून जास्त गरम नसेल, असं सांगितलं गेलं. किनाऱ्यावरच्या वीज केंद्रांना साधारणपणे 7 अंशांची मुभा असते, त्या मानाने ही कडक मर्यादा आहे. हे मान्य करायलाच हवं.

[दृश्य: पाटीवर खडूने आकडे.]

आता भागाकार करू. सेकंदाला सहा लाख लिटर समुद्राचं पाणी एका अंशाने तापवायला सुमारे 2,450 मेगावॉट उष्णता लागते. 17,600 ला 2,450 ने भागा. उत्तर सातच्या थोडं वर येतं. पाच नाही.

लगेच कुणी खोटं बोललं असं समजू नका. पाणी जास्त घेतलं तर पाच येईल. सोडण्याआधी थंड केलं तरी येईल. किंवा पाच हा आकडा पाइपाच्या तोंडाशी न मोजता समुद्रात थोडं मिसळल्यावर मोजायचा असेल. तिन्ही शक्य आहेत, पण मच्छीमाराच्या दृष्टीने तिन्हींचा अर्थ वेगळा. पहिल्यात जास्त पाण्याबरोबर माशांची जास्त अंडी आणि पिल्लं आत ओढली जातात; पाणी आत घेण्याच्या तोंडावरची जाळी मोठा मासा अडवते, अंडी नाही. दुसऱ्यात खर्च आणि जागा लागते. तिसऱ्यात तोंडापासून मोजमापाच्या जागेपर्यंतचं पाणी मर्यादेच्या बाहेरच राहतं.

[दृश्य: तापमापकाचा क्लोज-अप. वर, मग खोलवर.]

गरम पाणी हलकं असतं, ते वर तरंगतं. तळाशी घेतलेलं आणि पृष्ठभागावर घेतलेलं रीडिंग एक येत नाही. भरतीला पाण्याचा पट्टा एका दिशेला सरकतो, ओहोटीला दुसऱ्या. तो किती पसरेल याचं उत्तर संगणकीय प्रारूप देतं. हे मात्र खरं भाकीत. प्रारूपात कुठल्या महिन्यांचे प्रवाह घातले, त्यात पावसाळा होता का, सहाही भट्ट्या पूर्ण क्षमतेने चालू धरल्या का, यावर ते उभं असतं. पट्टा मर्यादित जागेतच राहील हे प्रकल्पाचं म्हणणं चूक आहे असं आम्ही म्हणत नाही. ते कशावर बेतलंय ते मागा.

[दृश्य: साखरी नाटे जेटी, दुरुस्तीला पसरलेली जाळी. निवेदन थांबतं, फक्त आवाज.]

एप्रिल 2011 मध्ये याच साखरी नाटे गावात प्रकल्पाविरोधी आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला, एका मच्छीमाराचा जीव गेला.

[दृश्य: पुन्हा अहवालाची पानं. ‘करण्यात येईल’ या शब्दांखाली पेन्सिलची रेघ.]

राहिली आश्वासनं. अहवालात ती ‘करण्यात येईल’ अशा क्रियापदाने संपतात. कोण करणार, कधी, किती पैशात, आणि मर्यादा ओलांडली तर काय? ‘तापमानाचं नियमित निरीक्षण करण्यात येईल’ या वाक्यात यातलं एकही उत्तर नाही. ‘तोंडापासून इतक्या मीटरवर, इतक्या खोलीवर, दर तासाला, आणि 5 अंशांच्या वर गेल्यास उत्पादन कमी केलं जाईल’ असं लिहिलं, तर ते पाळलं की नाही हे तपासता येतं. मंजुरीपत्रात अट म्हणून उतरलं, तर त्याला कायद्याचं बळ मिळतं. नुसतं अहवालात राहिलं तर भांडायला कागद कमकुवत पडतो.

अटी पाळल्या की नाही याचा अहवाल प्रकल्पाला वर्षातून दोनदा, 1 जून आणि 1 डिसेंबरला द्यावा लागतो. तो सार्वजनिक कागद आहे. अर्ज करून प्रत मिळते.

[दृश्य: मंडपातल्या रिकाम्या खुर्च्या, माईक.]

आणि ज्यांच्या गावात अशी सुनावणी अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. सुनावणी संपताना कामकाजाचा गोषवारा लोकांसमोर वाचून दाखवायचा असतो, स्थानिक भाषेत समजावून सांगायचा असतो, आणि मगच त्यावर सही व्हायची असते. तोवर बरेच जण शेवटच्या एसटीसाठी निघून गेलेले असतात. दोघा-तिघांनी तरी थांबा. ‘ग्रामस्थांनी मत्स्यव्यवसायाबाबत चिंता व्यक्त केली’ एवढंच वाचलं गेलं, तर तिथल्या तिथे हात वर करा आणि सांगा की आम्ही चिंता व्यक्त केली नाही, पाच अंश कुठे, किती खोलीवर आणि कोण मोजणार असं विचारलं होतं. तसंच लिहून घ्या.